वाचलेले, ताडलेले आणि न दिसलेले

मोडी कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि त्याखाली एकच ओळ असते, ‘काय लिहिलंय ते मराठीत सांगा, उद्या वकिलांना द्यायचंय.’ तासाभरात उत्तर जाते. सलग परिच्छेद, शुद्ध आजची मराठी, वर्ष इसवी सनात काढून दिलेले, गावाचे नाव, माणसाचे नाव, सगळे जागच्या जागी. कागदाच्या मधोमध घडी पडून रेघ उडालेली फोटोत दिसते आहे, उजवा कोपरा कसरीने खाल्लेला दिसतो आहे, पण उत्तरात घडी नाही आणि कसरही नाही. ज्याने कागद पाठवला तो खूश, वकील खूश. माझी हरकत या उत्तराला आहे. भाषांतर चुकलेच असेल असे मी म्हणत नाही. ते कदाचित शंभर टक्के बरोबरही असेल. पण त्यातले काय डोळ्यांनी वाचले, काय अंदाजाने भरले आणि काय दिसलेच नाही हे त्या परिच्छेदावरून कळायला काही मार्ग नाही, म्हणून ते उत्तर पुरावा म्हणून निरुपयोगी आहे.

मोडी वाचणाऱ्याला हे सांगावे लागू नये, कारण अंदाज हा त्याच्या कामाचा भागच आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता अक्षरे खाली लटकवत जायचे, अशी लिहिण्याची पद्धत. शब्द तोडून लिहीत नाहीत. ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. विरामचिन्हे नाहीत. परगणे लिहायचे तर ‘प॥’ आणि तर्फ लिहायचे तर ‘त॥’ एवढ्यावर भागते. म्हणजे कागद अगदी कोरा करकरीत असला तरी शब्द कुठे संपतो हे वाचणारा ठरवतो, संक्षेप तोच उलगडतो. त्यावर घडी, ओल, फुटलेली शाई आणि कमी उजेडात काढलेला फोटो यांची भर. मग तो तीनशे वर्षांपूर्वीचा मजकूर आजच्या मराठीत आणायचा, त्यातले फारसी शब्द फोडायचे, तारीख बदलून द्यायची. एवढ्या पायऱ्या उतरून खाली आलेले वाक्य ‘कागदात असे लिहिले आहे’ या चार शब्दांत कसे काय मावते?

एक उदाहरण तपशिलात घेऊ. समजा, पुणे जिल्ह्यातल्या मावळातल्या एका घरात पेशवाईतले पत्र आहे. उभी घडी बरोबर मधून गेली आहे. शेवटच्या ओळीत तारीख आहे आणि फोटोत ती अशी दिसते: ‘छ २५ जमादिलावल सु॥ सबा’, मग ‘स’, मग घडी, मग ‘न’, आणि पुढे ‘मया व अलफ’.

पेशवाईत कागदावर सुहूर सन घालत. हा सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून मोजायचा आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहायचे, आधी एकं, मग दहं, मग शतं, मग हजार. सबा म्हणजे सात, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मधला दशकाचा शब्द घडीत गेला आहे. तेव्हा हे वर्ष अकराशे आणि काहीतरी सात एवढे निश्चित. सुहूर सनात सुरुवातीच्या महिन्यांसाठी ५९९ आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ६०० मिळवले की इसवी सन येतो. पण दशकच नाही तर मिळवणार कशात?

‘स’ने सुरू होऊन ‘न’ने संपणारे दशकाचे शब्द चार. सलासीन म्हणजे तीस, सितैन म्हणजे साठ, सबैन म्हणजे सत्तर आणि समानीन म्हणजे ऐंशी. इथे कामाला डोळा लागतो आणि पट्टीही लागते. त्याच ओळीतल्या शाबूत अक्षरांची रुंदी मोजायची, दोन अक्षरांतले अंतर मोजायचे आणि घडीने खाल्लेल्या जागेत किती अक्षरे मावतात ते पाहायचे. समजा, एकच मावते, फार तर एक अक्षर आणि एक वेलांटी. मग सलासीन आणि समानीन दोन्ही बाद, कारण दोघांनाही मध्ये दोन अक्षरांची जागा लागते. उरले सितैन आणि सबैन. पहिले धरले तर सन ११६७, म्हणजे १७६६-६७. दुसरे धरले तर सन ११७७, म्हणजे १७७६-७७.

दहा वर्षांचा फरक. पण या दहा वर्षांत काय झाले ते आठवा. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले. १७७६ साली गादीवर सवाई माधवराव होते, वय वर्षे दोन, आणि कारभार बारभाईंच्या हाती होता. पत्रात वर कुठेतरी ‘श्रीमंतांची आज्ञा’ असे शब्द असले तर ते श्रीमंत कोण, हे या एका अक्षरावर ठरणार. आणि आपला भाषांतरकार काय करतो? सितैन मनाशी धरून ‘श्रीमंत’ या शब्दाचे भाषांतर सरळ ‘माधवराव पेशव्यांनी’ असे करून मोकळा होतो. कागदात पेशव्याचे नाव नाही. वर्ष अंदाजाचे, त्या अंदाजावर माणूस अंदाजाचा, आणि दोन्ही अंदाज परिच्छेदात गेल्यावर इतिहास होऊन बसतात. घरातली पुढची पिढी हा परिच्छेद चौकट करून भिंतीवर लावते.

पुढची पायरी अशी की घडीच्या काठावर अक्षराचे काही अवशेष आहेत का ते बघायचे. ‘सबा’ हा शब्द शाबूत आहे, म्हणजे हा लेखनिक ‘ब’ कसा काढतो याचा नमुना त्याच ओळीत हाती आहे. ‘त’चा नमुना पत्रात इतरत्र मिळेल. घडीपाशी शिल्लक असलेला शाईचा फाटा या दोनपैकी कोणाशी जुळतो ते ताडून बघता येते. जुळला तर अंदाजाला वजन येते. पण जुळवून पाहणे आणि वाचणे यांत फरक आहे, आणि तो उत्तरात दिसलाच पाहिजे.

आणखी एक वाट आहे आणि ती मला सर्वांत आवडते, कारण तिचा त्या घडीशी काही संबंध नाही. तारखेत चांद्र महिना आहे, जमादिलावल. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हा महिना दरवर्षी मागे सरकत जातो. १७६६ साली जमादिलावलची पंचविशी ऑक्टोबरच्या अखेरीस पडते. १७७६ साली तीच तिथी जुलैच्या मध्याच्या जरा अलीकडे येते. एकदा भात कापणीला आलेले, एकदा लावणी चाललेली. मग पत्राच्या मजकुरात, घडीपासून दूर, स्वच्छ अक्षरांत ‘यंदाचे भात खळ्यात आले’ अशा अर्थाचे काही असेल तर जुलै बाद होतो आणि सितैनचे पारडे जड होते. मावळात जुलैमध्ये यंदाचे भात खळ्यात येत नाही. ‘यंदाचे’ हा शब्द मात्र दिसला पाहिजे. तो नसेल तर गतसालच्या भाताचा हिशेब जुलैमध्ये कोणी लिहिला नसेल कशावरून?

इथेच सर्वांत मोठी चूक होते. घडी उभी आहे. ती तारखेच्या ओळीतून जाते तशीच खळ्याच्या ओळीतूनही जाते. वाचणाऱ्याच्या मनात आधीच १७६६ बसलेले असते, म्हणून घडीत अर्धे गेलेले अक्षर त्याला ‘खळे’ दिसते. मग तो म्हणतो, पाहा, खळ्याचा उल्लेख आहे, म्हणजे ऑक्टोबर, म्हणजे १७६६ पक्के. वर्षावरून खळे वाचले आणि खळ्यावरून वर्ष ठरवले. दोन अंदाज एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत आणि दोघांच्याही पायाखाली जमीन नाही. हे ओळखायचे कसे? प्रत्येक ताडलेल्या शब्दापुढे तो कशावरून ताडला हे लिहून काढायचे. लिहायला बसले की फेरा लगेच उघडा पडतो. मनात ठेवले तर कधीच पडत नाही.

तर या ओळीचे प्रामाणिक उत्तर कसे असेल? साधारण असे: ‘तारीख २५ जमादिलावल, हे स्पष्ट वाचता येते. वर्षातले सात, शंभर आणि हजार हे शब्द स्पष्ट आहेत. दशकाचा शब्द घडीत गेला आहे. पहिले अक्षर स, शेवटचे न, मध्ये एका अक्षराची जागा. तिथे सितैन किंवा सबैन असू शकते, म्हणजे १७६६ किंवा १७७६. मजकुरातल्या भाताच्या उल्लेखावरून १७६६ अधिक संभवते, आणि तो उल्लेख घडीबाहेर स्पष्ट आहे. पेशव्याचे नाव कागदात नाही.’ एवढेच. सात वाक्ये. ज्याला हे हाती पडेल त्याला पुढे काय करायचे ते लगेच कळते, आणि वकिलालाही नेमके कुठे बोट ठेवले जाईल ते आधी कळते.

‘पण लोकांना असले उत्तर नको असते हो, त्यांना एक वर्ष हवे असते.’ हे मी अनेकदा ऐकतो. लोकांना काय हवे हा प्रश्न वेगळा आणि कागदात काय आहे हा वेगळा. सोनाराकडे पितळ घेऊन गेलेल्यालाही सोनेच हवे असते.

काही जण शहाणपणाने टक्केवारी देतात. ‘नव्वद टक्के खात्री आहे.’ कशाची? दोनशे शब्दांच्या पत्रात दहा टक्के म्हणजे वीस शब्द. हे वीस शब्द कोणते यावर सगळे अवलंबून आहे. मराठी पत्राचा मायना ठरलेला असतो. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ यातला मधला ‘अलंकृत’ पाण्याने धुऊन गेला असला तरी तो भरायला कोणी कचरू नये, पत्राची रीतच तो शब्द मागते. पण राजश्रीच्या पुढचे नाव धुऊन गेले तर तिथे कोणतीही रीत मदतीला येत नाही. नाव नावासारखे असते, ते नियमाने येत नाही. तेव्हा ठरलेल्या मायन्यातले वीस शब्द अंदाजाचे असले तरी पत्र भक्कम आणि उलट एकशेनव्याण्णव शब्द स्पष्ट असून एक नाव गेले असेल तर ज्यासाठी कागद दाखवायला आणला तेच गेले. पानाला दिलेली टक्केवारी मात्र यातल्या दुसऱ्या कागदालाच जास्त गुण देते. खात्री शब्दाला द्यायची असते, पानाला नाही.

आणि अंदाजही सगळे एका तोलाचे नसतात. मायन्यातला भरलेला शब्द जवळजवळ वाचल्यासारखाच. वाक्याच्या व्याकरणाने मागितलेला शब्द त्याखालचा. नुसता आकार पाहून ‘असा दिसतो’ म्हणून घेतलेला शब्द अगदी तळाचा. तिन्हींना एकाच ‘बहुधा’त कोंबणे म्हणजेही माहिती दडवणेच.

आता अशी जागा बघा जिथे कागद फाटलेला नाही, शाई फुटलेली नाही, एकूणएक अक्षर स्वच्छ आहे आणि तरीही उत्तर अंदाजाचे आहे. ओळीत अक्षरे आहेत ‘त्यासनदेणें’. शब्द तोडलेले नाहीत हे वर सांगितलेच. ‘त्यास न देणें’ असे तोडले तर त्याला द्यायचे नाही असा हुकूम. ‘त्या सनदेणें’ असे तोडले, आणि लेखनिक न-ण यांत काटेकोर नसला, तर त्या सनदेने, म्हणजे त्या सनदेच्या आधारे. एका वाचनात माणसाचा हक्क नाकारला जातो, दुसऱ्यात त्याच हक्काचा आधार सांगितला जातो. वाक्याचा पुढचा भाग बघून बहुतेक वेळा हे सुटते. पुढे क्रियापद आहे की वाक्य तिथेच संपते? तोच लेखनिक इतरत्र तृतीयेचा प्रत्यय कसा लिहितो? आधी एखाद्या सनदेचा उल्लेख येऊन गेला आहे का? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर निर्णय करावा, पण निर्णय केला हे सांगावे. ‘अक्षरे स्पष्ट, शब्दतोड माझी’ एवढे चार शब्द पुरतात. हे चार शब्द न लिहिणारा भाषांतरकार स्वतःचा कौल अठराव्या शतकातल्या कारकुनाच्या तोंडी घालतो.

नकाराच्या बाबतीत मी तर अधिक कडक आहे. मोडी कागदात ‘न’ हे एकुलते एक अक्षर सगळ्या वाक्याचा अर्थ उलटा करते आणि आकाराने ते इतके लहान असते की घडीत, डागात, मागच्या बाजूने पुढे उमटलेल्या शाईत सहज हरवते. तेव्हा द्यावे, घ्यावे, करावे, चालवावे अशा प्रत्येक क्रियापदाच्या आधीची जागा मुद्दाम बघितली आणि ती स्वच्छ आहे की नाही, हे उत्तरात यायलाच हवे.

परदेशांतल्या अभ्यासकांनी यासाठी खुणा ठरवून घेतल्या आहेत. शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्यांनी १९३१ साली नेदरलँड्समधल्या लायडेन इथे जमून नियम केले, आजही ते पाळले जातात. शंकास्पद अक्षराखाली टिंब. गेलेला मजकूर संपादकाने भरला तर चौकटी कंसात. किती अक्षरे गेली ते कळत असेल तर कंसात तितकी टिंबे. संक्षेप उलगडला तर उलगडलेला भाग गोल कंसात. म्हणजे ‘प॥’चे ‘प(रगणे)’ होते आणि कारकुनाने लिहिलेले केवढे व आपण घातलेले केवढे हे एका नजरेत कळते. आपल्याकडेही शिलालेख आणि ताम्रपट छापणारे अभ्यासक कंसांचा असाच वापर करत आले आहेत. म्हणजे शिस्त नवी नाही. ती छापील ग्रंथांत राहिली आणि रोजच्या व्यवहारात, जिथे कागद खरोखर कोणाच्या जमिनीशी आणि दाखल्याशी बांधलेला असतो तिथे, उतरलीच नाही.

या खुणांची एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. त्या लिप्यंतरात टिकतात, भाषांतरात मरतात. देवनागरीत उतरवताना अक्षराखाली टिंब देता येते, पण त्या अक्षराचे आजच्या मराठीत वाक्य झाले की टिंब कुठे ठेवणार? आणि टिकल्या तरी पुढे टंकलेखक आहे. चौकटी कंस त्याला चुकून पडलेले वाटतात, तो ते काढून टाकतो, ‘सुबक’ प्रत तयार करतो. म्हणून सामान्य माणसाला द्यायच्या उत्तरात खुणांवर विसंबू नये असे माझे मत आहे. शंका वाक्यातच लिहावी, मराठीत, अशी की कोणी काढू म्हटले तर वाक्यच मोडेल. ‘गावाचे नाव व-ने सुरू होते, पुढची तीन अक्षरे गेली आहेत’ या वाक्यातून शंका वजा करता येत नाही. ‘वडगाव (?)’ यातून कोणीही करतो, आणि खाली वडगाव उरते.

दुसरी गोष्ट म्हणजे लिप्यंतर आणि भाषांतर एकत्र दिले पाहिजे, एकाखाली एक, ओळीला ओळ. नुसते भाषांतर देणाऱ्याने आपला माग पुसला असे समजा. ओळीला ओळ असली की दुसरा जाणकार दहा मिनिटांत तपासू शकतो. नसली तर त्याला सगळे काम पहिल्यापासून करावे लागते, आणि म्हणून ते कोणी करत नाही.

‘वाचता येत नाही’ हा शेराही फार सैलपणे वापरला जातो. यात तीन वेगवेगळी वाक्ये लपलेली आहेत. पहिले, फोटोत दिसत नाही. दुसरे, कागदावरच उरलेले नाही. तिसरे, दिसते आहे पण मला लागत नाही. तिन्हींवर इलाज वेगळे.

फोटोत दिसत नसेल तर नवा फोटो मागवायचा, आणि कसा काढायचा ते सांगून मागवायचा. फ्लॅश बंद. उजेड बाजूने तिरपा, म्हणजे घडीचे काठ आणि बोरूने दबलेली रेघ वर उठून दिसते. कागद पातळ असून मागची शाई पुढे दिसत असेल तर खाली काळा कागद ठेवायचा. सगळ्या पानाचा एक फोटो आणि नडलेल्या ओळीचे जवळून वेगळे, शेजारी पट्टी ठेवून. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून, कारण फोटो म्हणून पाठवला की तो लहान केला जातो आणि बारीक रेघा, वेलांट्या, मात्रा सगळ्यांत आधी जातात. माझ्या पाहण्यात ‘वाचता येत नाही’ म्हणून सोडून दिलेल्या जागांतल्या कितीतरी अशा नव्या फोटोने वाचल्या जातात.

कागदावरच उरले नसेल तर फोटो काढून काही होणार नाही. तिथे दुसरी प्रत शोधायची. पेशवाईतल्या व्यवहारात एका कागदाची नोंद दुसरीकडे असण्याची शक्यता बरीच असते, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कागद त्यासाठीच चाळले जातात. आणि तिसरे, मला लागत नाही, हे म्हणायला सर्वांत जड जाते. अक्षर समोर आहे, स्वच्छ आहे, पण या हाताचे वळण ओळखीचे नाही किंवा तो फारसी शब्द माहीत नाही. तसे लिहावे. दुसऱ्या जाणकाराला दाखवावे. ‘अवाचनीय’ असा शेरा मारून स्वतःचे न येणे कागदाच्या माथी मारू नये. कारण तो शेरा वाचून पुढचा माणूस त्या कागदाकडे परत बघतच नाही. नीट वाचता आली असती अशी ओळ कायमची बाद होते.

हे सगळे आज का लिहितो आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी महसुली दफ्तरे, जन्म-मृत्यूची रजिस्टरे, शाळांचे दाखले उघडले गेले. त्यांतले बरेच मोडीत होते. जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणारे शोधले गेले. घरोघरी लोकांनी पेट्या उघडल्या, कागदांचे फोटो काढले, एकमेकांना पाठवले. आरक्षणाचा वाद ज्याचा त्याने जिथे लढायचा तिथे लढावा. मी फक्त वाचणाऱ्याच्या टेबलापुरते बोलतो. रजिस्टरच्या रकान्यात ‘कु’ एवढेच लिहिलेले असेल तर लिप्यंतरात ‘कु’ एवढेच आले पाहिजे. ते कशाचे संक्षिप्त रूप आहे हे पुढच्या ओळीत, कारणासह लिहावे: त्याच पानावर, त्याच हाताने, इतर नोंदींत तो शब्द पूर्ण लिहिलेला सापडतो का? सापडत असेल तर त्या नोंदीचा क्रमांक द्यावा. विस्तार मग भक्कम होतो आणि त्याला कोणी हलवू शकत नाही. सापडत नसेल तर तसे लिहावे. अक्षर आणि विस्तार एकत्र करून एकच ‘वाचन’ म्हणून देणारा वाचक अर्जदाराचे भले करतो असे त्याला वाटत असेल, पण पुढे तपासणीत दुसऱ्या जाणकाराने मूळ पान उघडले की सगळाच कागद संशयात येतो. त्यातला जो भाग खरोखर स्पष्ट होता तोही.

वाचणाऱ्यांची एक भीती मला समजते. ‘इथे मला लागले नाही’ असे दोन-तीनदा लिहिले तर समोरच्याला वाटेल याला येत नाही, तो दुसऱ्याकडे जाईल, आणि तो दुसरा मोकळ्या जागा बिनदिक्कत भरून देईल. असे होते. यावर उपाय वाचणाऱ्याच्या हातात अर्धाच आहे. उरलेला अर्धा कागद घेऊन येणाऱ्याच्या हातात आहे.

म्हणून ज्यांच्या घरात असा कागद आहे त्यांना माझे सांगणे आहे. वाचून घेताना चार गोष्टी मागा. ओळीला ओळ लिप्यंतर मागा. अंदाजाने भरलेल्या शब्दांची यादी मागा आणि प्रत्येकासमोर तो कशावरून भरला ते लिहून मागा. न वाचलेल्या जागा कोणत्या आणि त्या फोटोमुळे, कागदामुळे की वाचणाऱ्यामुळे, ते विचारा. आणि नाव, वर्ष, रक्कम आणि नकार या चार ठिकाणी मूळ फोटोवर बोट ठेवून दाखवायला सांगा. जो दाखवील त्याला त्याने मागितले त्यापेक्षा दोन पैसे जास्त द्या. ज्याच्या उत्तरात एकही मोकळी जागा नाही त्याच्याकडून कागद परत घ्या आणि दुसऱ्याला दाखवा.